नाण्यावर मावणारे पाणी

एक रुपयाच्या कोरड्या, स्वच्छ नाण्यावर पाण्याचा एकेक थेंब सोडत गेले की सातआठ थेंबांत नाण्याचा बहुतेक भाग ओला होतो. त्यानंतर पाणी कडेपर्यंत पोहोचते आणि तेथेच थांबते. पुढचे थेंब पडत राहतात तसा मधला भाग वर फुगू लागतो. डोळे टेबलाच्या पातळीवर आणून बाजूने पाहिले तर नाण्याच्या कडेवर पाणी जवळजवळ उभे राहिलेले दिसते आणि वर एक चकचकीत घुमट तयार झालेला असतो. आणखी दोनतीन थेंब पडले की घुमट थरथरतो, एका बाजूने कड ओलांडतो आणि बरेचसे पाणी एकदम टेबलावर येते.

पाणी कडेवर अडून राहते याचे कारण पृष्ठताण. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात. पाण्याच्या आतल्या रेणूला चारी बाजूंनी शेजारी असतात, त्यामुळे त्याच्यावरची ओढ सगळीकडून सारखी असते. पृष्ठभागावरच्या रेणूला मात्र वरच्या बाजूला जवळजवळ कोणीच शेजारी नसतो. पृष्ठभाग वाढवायचा म्हणजे आतले रेणू अशा कमी शेजाऱ्यांच्या जागी आणून बसवायचे आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. म्हणून द्रव आपला पृष्ठभाग होता होईल तितका लहान ठेवतो. या ओढीला मापही आहे. 20 अंश सेल्सियसला पाण्याच्या पृष्ठभागावर एक मीटर लांबीची रेषा कल्पिली, तर तिच्यावर सुमारे 0.073 न्यूटन, म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम वजनाइतकी ओढ असते. पाण्यावर एखादी वेगळी साय धरलेली असते, असा मुलांचा समज होण्याची शक्यता आहे. तो वेळीच दूर करावा. तेथे दुसरा कोणताही पदार्थ नसतो, सगळे रेणू पाण्याचेच असतात.

घुमट किती उंच होणार हे पृष्ठताण आणि वजन यांच्या ओढाताणीत ठरते. वजन पाण्याला पसरवू पाहते, पृष्ठताण त्याला आवरून धरतो. साध्या पाण्याच्या बाबतीत ही उंची तीनचार मिलिमीटरच्या आसपास थांबते. नाणे मोठे घेतले तरी घुमट फारसा उंच होत नाही, तो फक्त रुंद होतो. 2011 च्या मालिकेतील एक रुपयाच्या नाण्याचा व्यास 22 मिलिमीटर आहे आणि दहा रुपयांच्या नाण्याचा 27 मिलिमीटर. मोठ्या नाण्याचे क्षेत्रफळ दीडपट भरते आणि पाणीही ढोबळमानाने त्याच प्रमाणात जास्त मावते. 2019 पासून आलेले एक रुपयाचे नाणे 20 मिलिमीटरचे, म्हणजे आणखी लहान आहे. म्हणून प्रयोगाच्या सुरुवातीला एक नाणे निवडावे, त्याचा व्यास पट्टीने मोजून वहीत लिहावा आणि शेवटपर्यंत तेच नाणे, त्याच बाजूने वापरावे.

सहावीच्या वर्गात हा प्रयोग बहुधा थेंब मोजून संपवला जातो. साध्या पाण्याचे किती, साबणाच्या पाण्याचे किती, तेलाचे किती, असा तक्ता भरला की काम झाले असे मानतात. पण या मोजणीत एक अडचण दडलेली आहे. थेंबाचा आकारसुद्धा पृष्ठताणच ठरवतो. ड्रॉपरच्या टोकाला लोंबणारा थेंब पृष्ठताणाच्या आधारावर टिकून असतो. त्याचे वजन त्या आधाराला पेलेनासे झाले की तो सुटतो. पृष्ठताण कमी असेल तर थेंब लवकर, लहान असतानाच सुटतो. इंग्लंडमधील थॉमस टेट यांनी 1864 मध्ये हाच नियम मांडला: एकाच नळीतून पडणाऱ्या थेंबाचे वजन द्रवाच्या पृष्ठताणाच्या प्रमाणात असते. साबणाच्या पाण्याचा थेंब आणि साध्या पाण्याचा थेंब ही एकाच मापाची एकके नाहीत, हे मुलांना या प्रयोगातूनच दाखवता येते.

त्यासाठी ड्रॉपरऐवजी सुई नसलेली 2 मिलिलिटरची नवी सिरिंज घ्यावी. ती औषधाच्या दुकानात मिळते आणि तिच्यावर 0.1 मिलिलिटरच्या खुणा असतात. आधी 2 मिलिलिटर पाणी भरून घ्यावे आणि दट्ट्या हळू दाबत 1 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत किती थेंब पडतात ते मोजावे. मग पुन्हा पाणी भरून नाण्यावर थेंब सोडावेत. सिरिंज उभी धरावी. तिचे टोक घुमटापासून साधारण एक सेंटिमीटर वर असावे. टोक पाण्याला टेकले तर पाणी थेंब न होताच खाली ओढले जाते. टोक फार उंच धरले तर पडणाऱ्या थेंबाच्या धक्क्यानेच घुमट फुटतो. दट्ट्या घाईने दाबला तर थेंबांचा आकार बदलतो, म्हणून एक थेंब पडून पाणी शांत झाल्यावरच दुसरा सोडावा.

साबणाचे द्रावण करताना अर्धा पेला पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे चारपाच थेंब पुरेत. अंगाचा साबण शक्यतो टाळावा. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात तो क्षारांशी संयोग पावून चोथा तयार करतो आणि द्रावणात साबण फारसा उरतच नाही. तेलासाठी शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल बरे. खोबरेल तेल 24-25 अंशांच्या खाली थिजू लागते, त्यामुळे हिवाळ्यातल्या सकाळच्या तासाला ते सिरिंजमध्येच अडून बसेल.

समजा, 22 मिलिमीटरच्या नाण्यावर एका गटाला पुढील आकडे मिळाले. साध्या पाण्याचे 18 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर आणि नाण्यावर मावले 20 थेंब. साबणाच्या पाण्याचे 36 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर आणि मावले 15 थेंब. तेलाचेही 36 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर आणि मावले 18 थेंब. नुसते थेंब पाहिले तर पाणी आणि तेल यांत फरक जवळजवळ नाहीच आणि साबणाचा परिणामही बेताचाच वाटतो. आता थेंबांचे मिलिलिटर करावेत. 20 भागिले 18 म्हणजे सुमारे 1.1 मिलिलिटर साधे पाणी. 15 भागिले 36 म्हणजे सुमारे 0.4 मिलिलिटर साबणाचे पाणी. 18 भागिले 36 म्हणजे 0.5 मिलिलिटर तेल. तेल पाण्याच्या निम्म्यापेक्षा कमी मावले आणि साबणाचे पाणी जेमतेम एकतृतीयांशाहून थोडे अधिक. एका साध्या भागाकाराने निष्कर्षच बदलतो. खाद्यतेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असतो आणि साबणाच्या दाट द्रावणाचा त्याच्या आसपास किंवा थोडा खाली, या माहितीशी हे आकडे जुळतात. मात्र मावलेले पाणी हे पृष्ठताणाचे थेट माप नव्हे. द्रव नाण्याच्या धातूला किती चिकटतो आणि कडेवरून किती सहज घरंगळतो याचाही त्यात वाटा असतो. साबणाचे पाणी धातूवर सहज पसरते, त्यामुळे त्याचा घुमट आणखीच बसका होतो.

साबण हे कसे करतो तेही नाण्यावरच पाहता येते. साध्या पाण्याचा घुमट अठरा थेंबांपर्यंत वाढवावा, दात कोरण्याच्या काडीचे टोक भांड्यांच्या द्रवात बुडवून त्या टोकाने घुमटाला फक्त स्पर्श करावा. पाण्यात काहीच भर पडलेली नसते, तरी घुमट तत्काळ खाली बसतो आणि पाणी कडेवरून वाहू लागते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे लांब टोक पाण्यापासून दूर राहू पाहते. पाण्यापासून दूर राहायची जागा म्हणजे पृष्ठभाग. म्हणून साबणाचे रेणू तेथे जाऊन दाटीने उभे राहतात, पाण्याच्या रेणूंची जागा घेतात आणि पृष्ठभागाची ओढ ढिली पडते.

तेलाचे दुसरे रूप पाण्यावर दिसते. स्टीलच्या थाळीत पाणी घेऊन त्यावर मिऱ्याची बारीक पूड भुरभुरावी. काडीच्या टोकाला तेल लावून मधोमध टेकवले की पूड मागे सरते आणि थोड्या अंतरावर थांबते. त्याच जागी साबणाची काडी टेकवली की उरलेली पूड थेट काठाला जाते. साबण पुडीला ढकलतो असे वाटते, पण मुख्य काम बाहेरच्या पाण्याचे असते. त्या पाण्याचा पृष्ठताण अजून जास्त आहे, म्हणून ते पृष्ठभागाला, आणि त्याबरोबर पुडीला, आपल्याकडे ओढून घेते. क्रम उलटा करून आधी साबण लावला तर नंतरचे तेल बहुधा पसरत नाही, लहान गोल ठिपका होऊन तरंगत राहते. पृष्ठभाग साबणाने आधीच व्यापलेला असतो.

ही थाळी दुसऱ्या गटाला दिली की प्रयोग फसतो. पूड हलतच नाही, कारण थाळीला साबणाचा अंश उरलेला असतो. नाण्याचेही तसेच. बोटांचे तेल लागलेले नाणे आणि नुकतेच धुतलेले नाणे वेगवेगळे आकडे देतात. पृष्ठभागावरच्या या सूक्ष्म मळाचा अभ्यास जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरात आग्नेस पोकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात केला. त्या कधी विद्यापीठात शिकल्या नव्हत्या. पत्र्याचे एक उथळ पन्हाळे पाण्याने भरून त्या एका पट्टीने पृष्ठभागावरचा तेलाचा थर दाबत वा पसरवत. तराजूला अडकवलेले छोटे बटण पाण्यावरून उचलायला किती बल लागते, त्यावरून त्या पृष्ठताण मोजत. त्यांनी आपली निरीक्षणे लॉर्ड रॅली यांना पत्राने कळवली आणि रॅली यांच्या पुढाकाराने ते पत्र 1891 मध्ये 'नेचर' नियतकालिकात छापले गेले. तेलाचा थर अगदी विरळ असला तर पृष्ठताण जवळजवळ कमी होत नाही, मात्र तो ठरावीक मर्यादेपलीकडे दाबला की पृष्ठताण झपाट्याने घसरतो, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून शाळेतही क्रम ठरलेला असावा. साध्या पाण्याचा प्रयोग सर्वांत आधी, मग तेल, साबण शेवटी. प्रत्येक द्रवासाठी वेगळी सिरिंज घ्यावी. दर वेळी नाणे साबणाने धुऊन वाहत्या पाण्याखाली भरपूर खळबळावे आणि स्वच्छ फडक्याने कोरडे करून फक्त कडेने धरावे. साध्या पाण्याची पाच मोजमापे घेतली आणि त्यांत 20, 21, 19, 20 यांच्यानंतर एकदम 13 आला, तर तो आकडा सरासरीत मिसळू नये आणि खोडूही नये. नाणे धुऊन पुन्हा मोजावे. नवा आकडा 20 च्या जवळ आला तर मळ किंवा धक्का हे कारण असणार, तसे शेरा म्हणून लिहावे. आणि तक्त्यात थेंबांच्या रकान्याशेजारी मिलिलिटरचा रकाना शिक्षकांनी पहिल्याच दिवशी आखून घ्यावा.