क्लोझापिनचे पहिले अठरा आठवडे

१९७५ साली फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणारे आठ रुग्ण काही महिन्यांच्या आत दगावले. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीशा झाल्या होत्या आणि साध्या संसर्गाशी झुंजायला शरीरात काही उरले नव्हते. अनेक देशांनी हे औषध बाजूला ठेवले. पण त्याची जागा दुसऱ्या कुणाला घेता आली नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत क्लोझापिनने सहा आठवड्यांत सुमारे ३० टक्के रुग्ण सुधारले. जुन्या क्लोरप्रोमाझिनने सुधारले फक्त ४ टक्के. म्हणून औषध परत आले, पण एका अटीवर: रक्त तपासल्याशिवाय गोळी नाही.

ही अट पाळण्याचे काम प्रत्यक्षात पडते ते वॉर्डातल्या सिस्टरवर. एक नमुन्याचा रुग्ण घेऊ. साताऱ्याकडचा चौतिसाव्या वर्षीचा शेतकरी. दोन वेगवेगळी औषधे प्रत्येकी सहा-सहा आठवडे पुऱ्या मात्रेत घेऊनही त्याच्या कानातले आवाज थांबलेले नाहीत. दिवसाला एक बंडल बिडी ओढतो. पहिल्या गोळीआधी त्याचे वजन, रक्तदाब, नाडी, ताप, ईसीजी, साखर, सीबीसी आणि हृदयाला इजा झाली तर रक्तात वाढणारे ट्रोपोनिन, तसेच दाह दाखवणारे सीआरपी हे सारे लिहून ठेवले जाते. शौचाला रोज होते का, हेही त्याच कागदावर येते. पुढे याच आकड्यांशी तुलना करायची असल्याने ते आधीच हाताशी लागतात.

पहिली मात्रा २५ मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी, म्हणजे साडेबारा मिलिग्रॅम. ती दिल्यावर पुढचे सहा तास दर तासाला रक्तदाब आणि नाडी पाहायची: एकदा झोपवून, एकदा उभे करून. उभे राहताच वरचा आकडा ३० पेक्षा जास्त घसरला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढची मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवायचे. मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू मात्रा वाढते. आशियाई लोकांच्या शरीरात हे औषध सावकाश मोडते. त्यामुळे पाश्चात्त्य तक्त्यापेक्षा धिम्या गतीने जाणेच आपल्याकडे शहाणपणाचे.

आता रक्त. जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष पुरे होईपर्यंत पंधरवड्याला आणि त्यानंतर चार आठवड्यांतून एकदा तपासायचे, हा ब्रिटनचा क्रम. वार ठरलेला असावा. पेशी जीवघेण्या पातळीपर्यंत घसरण्याचा धोका शंभरात एकापेक्षा कमी रुग्णांना असतो, पण तो बहुतांशी या पहिल्या अठरा आठवड्यांतच असतो.

रिपोर्ट वाचताना एक हिशेब सिस्टरने स्वतः करावा. आपल्या शेतकऱ्याचा नवव्या आठवड्याचा रिपोर्ट पाहा: एकूण पांढऱ्या पेशी ३९००, न्यूट्रोफिल ४६ टक्के. एकूण आकडा ३५०० च्या वर असल्याने वरवर सारे ठीक वाटते. पण ३९०० चे ४६ टक्के म्हणजे १७९४, आणि न्यूट्रोफिल तर २००० च्या वर हवेत. ब्रिटिश पद्धतीत याला सिग्नलचा पिवळा दिवा म्हणतात. औषध चालू ठेवायचे, पण हिरवा येईपर्यंत रक्त आठवड्यातून दोनदा. तीन दिवसांनी ४४०० आणि ५५ टक्के आले, म्हणजे २४२०. पुन्हा हिरवा. हाच आकडा १५०० च्या खाली गेला असता किंवा एकूण पेशी ३००० च्या खाली आल्या असत्या, तर तो लाल. गोळी त्याच क्षणी बंद, रोज रक्त, ताप दिसताच तातडीचे उपचार. टक्केवारीकडे दुर्लक्ष झाले की पिवळा दिवा हमखास सुटतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये रक्ताची सक्तीची केंद्रीय नोंदणी रद्द केली. तपासणीची शिफारस मात्र कायम आहे. आपल्याकडे रिपोर्ट पाहिल्याशिवाय गोळी सुटूच नये असा केंद्रीय अडसर नाही, त्यामुळे वॉर्डाची वही हाच अडसर ठरतो.

रक्त हिरवे असूनही रुग्ण धोक्यात असू शकतो, हे मात्र वहीत दिसत नाही. सोळाव्या दिवशी शेतकऱ्याला १००.८ ताप आला, नाडी ११८ झाली. अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे ही सर्वांत महागडी चूक. पहिल्या तीन आठवड्यांत या औषधाने निरुपद्रवी ताप येतो हे खरे, पण हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा काळही नेमका तोच. त्यामुळे त्याच दिवशी सीबीसी, ईसीजी, ट्रोपोनिन आणि सीआरपी करायचे. शेतकऱ्याचे ट्रोपोनिन नेहमीचे होते, सीआरपी १८. मात्रा वाढवणे थांबवले, रोज पुन्हा तपासले, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. ट्रोपोनिन वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक किंवा सीआरपी १०० च्या वर असते, तर औषध बंद करून हृदयरोगतज्ज्ञांना बोलवावे लागले असते.

आणि पोट. क्लोझापिनमुळे आतड्याची हालचाल मंदावते. आतडे पूर्ण थांबून झालेले मृत्यू पेशी घसरून झालेल्या मृत्यूंपेक्षा जास्त आहेत, तरी या बाजूला लक्ष कमी जाते. या आजारात वेदनेची तक्रारही रुग्ण उशिरा करतो. म्हणून ‘पोट साफ आहे का?’ असे मोघम विचारू नये. रोज नेमके विचारावे आणि तक्त्यात खूण करावी. दोन दिवस खूण नसेल तर लगेच कळवावे. पोट फुगले, दुखू लागले, उलटी झाली तर ती तातडीची वेळ आहे. घरून आलेला इसबगोल इथे उपयोगाचा नाही. मंद आतड्यात तो चोंदतो. डॉक्टरांनी लिहिलेले लॅक्टुलोज किंवा बिसाकोडिल सुरुवातीपासूनच चालू असलेले बरे.

घरी पाठवताना बिडीचा प्रश्न येतो. बिडीच्या धुरामुळे यकृत हे औषध लवकर मोडते. वॉर्डात बिडी बंद असताना ठरवलेली मात्रा, घरी जाऊन बंडल सुरू होताच अपुरी पडते आणि आवाज परततात. उलट, घरी ओढणारा दाखल होऊन थांबला, तर त्याच गोळ्यांनी गुंगी येते, झटकेही येऊ शकतात. हे धुरामुळे घडते, निकोटिनमुळे नाही. त्यामुळे तंबाखू मळणाऱ्याला किंवा मिश्री लावणाऱ्याला ही अडचण येत नाही. डिस्चार्जच्या कागदावर रुग्ण ओढतो की नाही, हे लिहिलेच पाहिजे.

घरच्यांना तीन गोष्टी सांगून, लिहूनही द्याव्यात. ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी सीबीसी करा. शौचाला दोन दिवस झाले नाही तर वॉर्डात फोन करा. आणि लग्नाच्या गडबडीत सलग दोन दिवसांहून जास्त गोळ्या चुकल्या, तर तिसऱ्या दिवशी जुनी ३०० ची मात्रा देऊ नका. शरीराची सवय मोडलेली असते, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. डॉक्टरांना विचारा. सुरुवात पुन्हा अर्ध्या गोळीनेच होईल.