एक नाका, दोनदा टोल : पैसे परत कसे मागाल?

बऱ्हाणपूरहून इच्छापूर, मुक्ताईनगरमार्गे भुसावळ-जळगावकडे दवाखाना, लग्नकार्य किंवा खरेदीसाठी आपली ये-जा नेहमीचीच. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि सुट्ट्या पैशांची कटकट मिटली. पण मोबाइलवर एकाच नाक्याचे दोन संदेश आले की घरात प्रश्न उठतो, ‘पैसे दोनदा कसे गेले?’

तक्रार करण्याआधी खात्याचा उतारा नीट पाहावा, कारण प्रत्येक दुसरी वजावट चुकीची नसते. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावरून चोवीस तासांत परत आल्यास दोन्ही फेऱ्यांचा मिळून दीडपट टोल लागतो. समजा, जाताना ११० रुपये कापले आणि संध्याकाळी परतताना ५५, तर हिशेब बरोबर आहे. परतीलाही पूर्ण ११० कापले असतील, तर ५५ रुपये परत मागता येतात.

आता दुसरा प्रसंग पाहू. सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी ११० रुपये गेले आणि ९ वाजून ४० मिनिटांनी पुन्हा ११०. गाडी तर तेव्हा पुढे निघून गेलेली! उताऱ्यात नाका ओलांडल्याची वेळ आणि पैसे कापल्याची वेळ वेगवेगळी दिलेली असू शकते. दोन्ही नोंदींत नाका ओलांडल्याची वेळ एकच असेल, तर एकाच फेरीचे पैसे दोनदा गेले असे समजावे. कधी यंत्र टॅग वाचत नाही म्हणून रोख घेतात आणि मागाहून टॅगमधूनही रक्कम जाते. अशा वेळी रोखीची पावती हाच पुरावा, म्हणून ती फेकू नये. खरे तर टॅग चालू असून खात्यात पुरेसे पैसे असतील आणि बिघाड नाक्याच्या यंत्रात असेल, तर २०१८ च्या नियमानुसार गाडी विनाशुल्क सोडून शून्य रकमेची पावती द्यावी लागते.

तक्रार नाक्यावर भांडून नव्हे, तर ज्या बँकेने टॅग दिला तिच्याकडे करावी. तीच नाक्याच्या बँकेकडे दावा लावते. मजकूर एवढा पुरे :

‘माझ्या वाहन क्रमांक … च्या फास्टॅगमधून दि. … रोजी … नाक्यावर एकाच फेरीचे ११० रुपये दोनदा कापले गेले. व्यवहार क्रमांक … व … . त्या दिवसाचा उतारा सोबत जोडला आहे. दुसरी रक्कम परत जमा करावी.’

उताऱ्याचे फक्त त्या दिवसाचे पान जोडावे, दोन्ही ओळींवर खूण करावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर किंवा falsededuction@ihmcl.com येथेही कळवता येते. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मात्र पैसे परत देतो म्हणून कुणी ओटीपी मागितला, तर तो मुळीच सांगू नये. परतावा जमा होण्यासाठी ओटीपी लागत नाही.