स्लो-मोमध्ये बॅट का वितळते?

मागच्या रविवारी मामेभावाने नेटमधल्या बॅटिंगची क्लिप पाठवली आणि म्हणाला, "दादा, शॉट मारतो तेवढाच स्लो कर." म्हटलं, पाच मिनिटांचं काम. गेले दोन तास!

क्लिप होती ६० एफपीएसची, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम्स. माझी टाइमलाइन ३०ची. त्यामुळे वेग ५० टक्के केला तर सगळ्या खऱ्या फ्रेम्स पुरतात, चित्र एकदम गुळगुळीत. पण मी ठेवला २५ टक्के. आता एका सेकंदासाठी हातात १५च खऱ्या फ्रेम्स. उरलेल्या १५ आणायच्या कुठून?

डाविंची रिझॉल्व्हमध्ये Retime Process म्हणून सेटिंग आहे. Nearest घेतलं तर तीच फ्रेम दोनदा दिसते, म्हणून झटके बसतात. Frame Blend दोन फ्रेम्स एकमेकींवर पसरवतं, मग बॅटला भुतासारखी सावली येते. Optical Flow मात्र प्रत्येक ठिपका कुठून कुठे सरकला याचा अंदाज बांधून मधली नवी फ्रेम तयार करतं. मी तेच निवडलं, आणि बॅट मेणासारखी वितळली!

कारण मागे होती जाळी. तिचे सगळे चौकोन सारखेच, त्यामुळे कुठला चौकोन कुठे गेला हे सॉफ्टवेअरला कळत नाही. शिवाय बॅट पुढे सरकली की तिच्यामागे लपलेली जाळी उघडी पडते. आधीच्या फ्रेममध्ये ती नव्हतीच, मग तिथे काहीतरी भरलं जातं. ओळखायचं कसं? एकेक फ्रेम पुढे न्या. माझ्याकडे एक फ्रेम स्वच्छ, पुढची वाकडी, परत स्वच्छ असं चाललं होतं. वाकड्या त्या बनवलेल्या.

शेवटी शॉटला ५० टक्क्यांवरच ठेवलं आणि फरक दुसरीकडून काढला. बॉल येईपर्यंतची दोन सेकंदं २०० टक्क्यांवर पळवली, ती एका सेकंदात संपली. त्यामुळे पुढचा अर्धा वेगही खूप संथ वाटतो. मात्र वेग २०० वरून ५० वर एकदम पडला तर धक्का जाणवतो. म्हणून Retime Curve मध्ये दोन्ही कीफ्रेम्स थोड्या लांब नेल्या आणि मधली रेघ हँडलने गोलसर केली. उतार बॅट हलायच्या आधीच संपायला हवा, नाहीतर नेमका शॉटच अर्धवट वेगात जातो. (मोबाईलच्या बऱ्याच अ‍ॅप्समध्ये स्पीडखाली कर्व्ह असतो, कल्पना तीच.) आवाज आधी वेगळा काढून ठेवा बरं का, नाहीतर बॅटचा टक्का "भुऽऽऽ" असा येतो.

भावाला सांगितलंय, पुढच्या वेळी १२० एफपीएसवर शूट कर, भर उन्हात, शटर १/१००० च्या आसपास ठेवून. मग २५ टक्क्यांनाही सगळ्या फ्रेम्स खऱ्याच मिळतील. तो म्हणतो, आमची प्रॅक्टिस संध्याकाळी असते.