फुगलेली बॅटरी काय सांगते?

लॅपटॉपचा टचपॅड वर आला, क्लिक होईना, की आधी खालची बॅटरी बघावी. तिच्यातल्या पाऊच सेलला धातूचा डबा नसतो. अॅल्युमिनियमचा थर असलेली प्लास्टिकची पिशवीच असते. आत वायू झाला की ती फुगणारच. कारखान्यातल्या पहिल्या चार्जिंगलाही वायू निघतो, पण तो काढून पिशवी पुन्हा सील करतात. नंतरच्या वायूला वाट नसते.

दिवसरात्र चार्जरला लावलेल्या, तापणाऱ्या लॅपटॉपमध्ये सेल 4.2 व्होल्टच्या आसपास अडकून राहतो. तिथे धन इलेक्ट्रोडपाशी इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. दुसरीकडे ऋण इलेक्ट्रोडच्या ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर तडकतो, पुन्हा बनतो. त्यात इथिलीनसारखे वायू निघतात आणि लिथियम कायमचं अडकतं.

चार्जिंगला ग्रॅफाइट फुगून सेल किंचित जाड होतो, तो डिस्चार्जला उतरतो. वायूचा फुगवटा उतरत नाही. वायूमुळे थर एकमेकांपासून सुटतात, आतला रोध वाढतो. मग जोर पडताच व्होल्टेज कोसळून 30 टक्के चार्ज दाखवतानाही लॅपटॉप बंद पडू शकतो.

टोचून हवा काढायचा उद्योग करू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या.