लाल टोपण, केशरी टोपण

भारतात इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या अजूनही ४० ताकदीच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधल्या काडतुसात मात्र सहसा तेवढ्याच द्रवात १०० युनिट असतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. घोटाळा होतो तो पेन बिघडल्यावर. समजा, आजींचा डोस २० युनिट आहे. पेन चालेना, म्हणून घरच्यांनी काडतुसातलं इन्सुलिन जुन्या लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं. ती रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्यात काडतुसातली ५० युनिट मावतात. अडीचपट डोस! मग दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं आणि वेळेत साखर मिळाली नाही तर बेशुद्धी. उलट, ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर पोटात जातात फक्त ८ युनिट. ही चूक जास्त फसवी, कारण लगेच काहीच जाणवत नाही. साखर दिवसेंदिवस चढत राहते आणि डॉक्टर डोस वाढवतात. काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन कधीही काढू नका. सिरिंज घेताना बाटलीवरचा आकडा दुकानदाराला दाखवा.