चाळीस जणांसाठी एक पुस्तक

तिसरीच्या वर्गात मोठ्याने वाचायचं पुस्तक निवडताना गुरुजींनी आधी त्यातली दोन पानं रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचून पाहावीत. जिथे आपलीच जीभ अडखळते किंवा दम पुरत नाही, तिथे चाळीस मुलांची चुळबूळ सुरू होणार. चित्रांवर चालणारं पुस्तक चार-पाच मुलांच्या घोळक्यात रंगतं. तिसऱ्या रांगेपलीकडे चित्र दिसत नाही आणि मुलं उठून पुढे येऊ लागतात. एवढ्या मोठ्या वर्गासाठी गोष्ट कानांनीच कळायला हवी.

तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ या कसोटीला उतरतं. ते मराठीत आहे आणि प्रकरणं छोटी असल्याने बहुतेक प्रसंग एका बैठकीत पुरा होतो. सुरुवात मात्र दुसऱ्या प्रकरणापासून करावी, असं मला वाटतं. तोत्तोचान डेस्कचं झाकण पुन्हा पुन्हा उघडते, मिटते. खिडकीतून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते. चुळबुळ्या मुलांना ती लगेच आपली वाटते. मग रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा येते. तिथे वाचन थांबवावं, म्हणजे मुलं उद्याचा भाग स्वतःहून मागतील.

शेवटाकडे मित्राचा मृत्यू आणि युद्ध येतं. ती प्रकरणं आधी स्वतः वाचावीत आणि ज्या दिवशी नंतर बोलायला निवांत वेळ असेल, त्याच दिवशी घ्यावीत. घंटा व्हायच्या तोंडावर ती मुळीच वाचू नयेत.