हातचा कुणाच्या वाट्याचा?

शेजारची ओवी चौथीत आहे. परवा संध्याकाळी तिची आई सरावपत्रिका घेऊन आली. आठ गणितं, पैकी तीन बरोबर, चारांवर लाल फुली आणि खाली शेरा : ‘लक्ष देऊन सोडव.’ आठव्या गणिताची जागा कोरी होती, पण साधी कोरी नव्हे. तिथे खोडरबर इतका फिरला होता की कागद उजेडात धरला तर पलीकडचं दिसावं. “येतं तिला सगळं, धांदरटपणा नडतो,” आई म्हणाली. ओवी दारात उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती.

प्राथमिक शाळेत शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला त्या शेऱ्याची जरा ॲलर्जी आहे. धांदरटपणाच्या चुका विखुरलेल्या असतात. एकदा पाढा चुकतो, एकदा अंक गळतो, एकदा बेरजेच्या जागी वजाबाकी होते. ओवीच्या चुका मात्र एका साच्यातून काढल्यासारख्या होत्या. तिचं उत्तर होतं ४७ × ६ = ४८२ आणि ३८ × ४ = २४२. पण ५३ × २ = १०६ हे बरोबर. भागाकारात ८२४ ÷ ४ ला २६ आणि ६१२ ÷ ६ ला १२, पण ९६३ ÷ ३ = ३२१ बरोबर आणि ४३७ ÷ ७ ला ६२, बाकी ३ हेही बरोबर.

पत्रिका तपासताना मी आधी बरोबर गणितं बघते. ५३ × २ मध्ये हातचा येतच नाही. म्हणजे गुणाकार येतो, पाढे येतात, घोळ आहे तो हातच्यापाशी. मग ४७ × ६ घेऊन बसायचं आणि ४८२ यायला काय करावं लागेल ते शोधायचं. सात सक बेचाळीस, २ लिहिले, हातचे ४. इथवर ठीक. पुढे ४८ कुठून आले? चार आणि हातचे चार मिळून आठ, आठ सक अठ्ठेचाळीस. तिने हातचा आधी मिळवला आणि मग गुणलं. हीच युक्ती ३८ × ४ ला लावली : आठ चोक बत्तीस, २ लिहिले, हातचे ३. तीन आणि तीन सहा, सहा चोक चोवीस. उत्तर २४२. तंतोतंत.

तरी दोन गणितांवरून निकाल देऊ नये. मी एका चिठोऱ्यावर २८५ लिहून ते उलटं ठेवलं आणि ओवीला १५ × ७ करायला सांगितलं. तिने केलं : २८५. (बरोबर उत्तर १०५.) चुकीचं उत्तर आपल्याला आधीच सांगता आलं, तर चुकीमागचा नियम सापडला असं समजायला हरकत नाही. अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन या दोन संशोधकांनी १९७८ साली यावरच एक गाजलेला लेख लिहिला होता. मुलं आकडेमोडीत चुकतात तेव्हा बरेचदा ती एक ठरावीक पण चुकीची रीत इमानाने पाळत असतात, असं त्यांनी दाखवलं. आपल्याकडच्या जुन्या शिक्षकांना हे लेखाशिवायही ठाऊक होतं, फक्त चाळीस पत्रिका तपासायच्या असल्या की तेवढा वेळ मिळत नाही.

ही रीत ओवीने आणली कुठून? बेरजेतून. ४६७ + २८५ करताना आपण हातचा डोक्यावर लिहितो आणि मुलांना सांगतो, “आधी हातचा मिळवून घे, नाहीतर विसरशील.” बेरजेत तो आधी मिळवा की नंतर, फरक पडत नाही. तिने ते सांगणं मनापासून ऐकलं आणि गुणाकारातही पाळलं. तिथे मात्र फरक पडतो, आणि का पडतो हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

मी खेळातल्या नोटांचा डबा काढला. सहा वाटे मांडले, प्रत्येकात दहाच्या चार नोटा आणि रुपयाची सात नाणी. “आता सगळी नाणी गोळा कर.” बेचाळीस नाणी झाली. त्यातली चाळीस देऊन तिने माझ्याकडून दहाच्या चार नोटा घेतल्या, दोन नाणी उरली. “या चार नोटा कुठून आल्या?”

“नाण्यांच्या बदल्यात.”

“मग त्या कुणाच्या वाट्यातल्या?”

ती थांबली. “कुणाच्याच नाही. सगळ्यांच्या मिळून आल्या.”

“हं. आणि तू तर प्रत्येकाला चार-चार देऊन टाकल्यास.”

तिने वाट्यांतल्या नोटा मोजल्या. सहा चोक चोवीस, त्यांत बाजूला ठेवलेल्या चार घातल्या, अठ्ठावीस. अठ्ठावीस नोटा आणि दोन नाणी, म्हणजे २८२. मग स्वतःच म्हणाली, “मी दोनशे रुपये जास्त वाटले!” बरोबरच आहे. चार नोटा एकदाच द्यायच्या होत्या, तिने त्या सहादा दिल्या. पाच वेळा जास्तीच्या, म्हणजे वीस नोटा. ४८२ आणि २८२ मधला फरक तेवढाच. चूक नेमकी केवढी होती हे मुलाला असं मोजता आलं की तिची लाज जाते, ती एक गंमत होते.

सगळ्याच हातच्याच्या चुका अशा नसतात हे सांगायला हवं. माझ्याकडे येणारा एक मुलगा ६७ × ७ ला ४७९ लिहायचा. बरोबर उत्तर ४६९. त्याची रीत चोख होती. “सात साते एकोणपन्नास” तोंडाने म्हणायचा आणि ‘पन्नास’ ऐकू आलं म्हणून ९ लिहून हातचे ५ घ्यायचा. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळीकडे तेच. आपल्या संख्यानामांत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, वर ही ‘एकोण’ची भानगड. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. बदल मलाही फारसा रुचला नाही, पण त्यामागची अडचण खोटी नव्हती. त्या मुलाला मी नोटा दाखवल्या नाहीत. ‘एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी’ एवढंच पक्कं करून घेतलं. त्याला हातचा पुन्हा शिकवला असता तर येत होतं तेही बिघडलं असतं.

आता भागाकार. ८२४ ÷ ४ मध्ये २६ कसे आले हे मी ओवीलाच विचारलं. विचारताना आधी बरोबर आलेलं ९६३ ÷ ३ सांगायला लावलं. फक्त चुकलेल्यावरच ‘कसं केलंस’ विचारलं की मूल लगेच उत्तर बदलायला बघतं. ती म्हणाली, “आठाला चारचा भाग दोनदा. मग दोन खाली घेतले. दोनाला चारचा भाग जात नाही, म्हणून चार पण खाली घेतले. चोवीस. चार सक चोवीस.” यात एकही वाक्य चूक नाही. फक्त दोनाला भाग गेला नाही तेव्हा वर काय लिहायचं, हे राहिलं.

ते का राहिलं याचं उत्तर तिच्या बरोबर आलेल्या गणितात आहे. ४३७ ÷ ७ मध्ये चाराला सातचा भाग जात नाही, आपण त्रेचाळीस घेतो आणि वर काही लिहीत नाही. “भाग गेला नाही तर पुढचा अंक घे” हा नियम सुरुवातीला पुरतो, कारण ०६२ आणि ६२ एकच. मध्ये तो पुरत नाही, कारण २०६ आणि २६ एक नाहीत.

नोटांनी हे लगेच दिसलं. शंभराच्या आठ, दहाच्या दोन, चार नाणी, आणि घेणारे चौघं. प्रत्येकाला शंभराच्या दोन. दहाच्या दोन नोटा चौघांत कशा देणार? “दहाची नोट कुणाला किती मिळाली?” “एकपण नाही.” “मग तेच लिही.” तिने दशकाच्या घरात शून्य लिहिलं, दोन नोटा मोडून वीस नाणी घेतली, चोवीस नाणी सहा-सहा वाटली. दोनशे सहा. पुढे काही दिवस तिने सुरुवातीलाही शून्य लिहावं असं मी ठरवलं. ०६२ लिहायचं आणि शेवटी पुढचं शून्य खोडायचं. प्रत्येक अंकाला खाली उतरवलं की वर एक अंक पडलाच पाहिजे, मग तो शून्य का असेना. नियम सगळीकडे एकच झाला की गाळायची जागा राहत नाही.

इथे ओवीच्या आईने मध्येच विचारलं, “आमच्या वेळी उत्तर उजवीकडे लिहायचो ना?” हो, कंसाच्या उजव्या बाजूला. त्या मांडणीत २ च्या शेजारी ६ बसला की काही खटकत नाही. भाज्याच्या डोक्यावर, ज्या त्या अंकाच्या वर उत्तर लिहिलं तर रिकामं घर डोळ्यांत खुपतं. तेव्हा घरी शिकवताना शाळेतली मांडणी कुठली आहे ते आधी पाहावं. आईची एक आणि बाईंची दुसरी असली की मूल दोन्हींतलं अर्धं-अर्धं उचलतं.

राहिलं आठवं गणित : ९१ ÷ ७, ‘ताळा करून दाखवा.’ कागद तिरका धरला तर खोडलेल्या जागी १३ दिसत होते. म्हणजे उत्तर बरोबर आलं होतं! मग खोडलं का?

“ताळा जुळेना,” ओवी म्हणाली.

ताळा म्हणजे भागाकार गुणिले भाजक, अधिक बाकी. १३ × ७. तीन साते एकवीस, १ लिहिला, हातचे २. एक आणि दोन तीन, तीन साते एकवीस. २११. कुठे ९१ आणि कुठे २११! पोरीने १३ खोडून १२ करून पाहिले, १४ करून पाहिले. चुकलेला ताळा बरोबर उत्तराला खोटं ठरवत होता आणि ती ताळ्यावर विश्वास ठेवत होती, जसा ठेवायला आपणच शिकवतो. म्हणूनच मी हातचा आधी घेतला आणि भागाकार नंतर. उलट केलं असतं तर २०६ देखील तिने खोडले असते. तिच्या रीतीने २०६ × ४ चा ताळा ८८४ येतो.

तिने पेन्सिल घेतली. तीन साते एकवीस, १ लिहिला, २ वरती बाजूला, गोल करून. सात एके सात. मग गोलातले दोन. नऊ.

“एक्याण्णव,” ती म्हणाली आणि आईकडे पाहिलं. “मावशी, हे माझं आधीच बरोबर होतं.” त्या जागी १३ पुन्हा लिहायला गेली तर कागद फाटला, म्हणून समासात लिहिलं.